बाई सहाव्या ओळीत हरत नाहीत, चौथ्या ओळीत हरतात

प्रश्न: माझ्या कथेतल्या बाई ठाण्यात, नौपाड्यात राहतात. निवृत्त शिक्षिका. रोज सकाळी वर्डल, म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा अंदाजांत ओळखायचा खेळ, खेळतात. सलग 412 दिवस जिंकतात आणि 413व्या दिवशी सहाव्या, म्हणजे शेवटच्या अंदाजाला हरतात. उत्तर ALONE असतं. शेवटचं अक्षर उलटेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरलेला असतो. तिघाचौघांना वाचायला दिली, सगळे म्हणाले शेवट लेखकाने ओढूनताणून आणलाय. मसुदा सोबत पाठवलाय. काय बदलू?

उत्तर:

दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा मी वर्षानुवर्षं तपासत आले आहे आणि वर्डलही रोज खेळते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते: तुमच्या वाचकांना जे खटकलं, त्याचं मूळ उत्तराच्या शब्दात आहे.

ALONE या शब्दावर 412 दिवस टिकलेला खेळाडू सहाव्या ओळीत हरत नाही. त्याची अक्षरं इंग्रजीत सर्रास येणारी आहेत, पहिल्या दोन अंदाजांतच त्यातली बरीचशी सापडतात. समजा A, O, N, E जागच्या जागी हिरवे झाले आणि फक्त दुसरं अक्षर राहिलं, तर रोजच्या इंग्रजीतले पर्याय दोन: ALONE आणि ATONE. अंदाज मात्र तीन-चार शिल्लक असतात. हरायचं कसं? खेळणाऱ्या वाचकाला हे लगेच कळतं. न खेळणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण बाई एकट्या आहेत म्हणून उत्तर ‘एकटी’ आलं एवढं त्याला दिसतं, आणि तिथेच त्याचा विश्वास उडतो.

अनुभवी माणूस या खेळात अवघड शब्दावर सहसा हरत नाही. तो सोप्या शब्दावर हरतो, ज्याला शेजारी फार असतात. चार अक्षरं हिरवी, जागेवर पक्की, आणि पाचव्या जागी बसणारी अक्षरं सात-आठ. LIGHT, MIGHT, NIGHT, RIGHT, SIGHT, FIGHT, TIGHT, EIGHT. किंवा CATCH, MATCH, WATCH, BATCH, PATCH, LATCH, HATCH. यातला एकही शब्द पाचवी-सहावीच्या मुलाला अवघड नाही. तुमच्या बाईंचा पराभव अशाच एखाद्या कुटुंबातून यायला हवा. मी तुमच्यासाठी OUND हे कुटुंब घेऊन अख्खा डाव मांडते. कथेत तो एवढ्या तपशिलात उतरवू नका, पण लिहिताना तुमच्या डोक्यात पक्का असू द्या.

उत्तर धरा MOUND. बाईंचा पहिला शब्द ठरलेला: AUDIO. चार स्वर एका फटक्यात तपासून होतात म्हणून पुष्कळ लोक याच शब्दाने सुरुवात करतात. निकाल: A आणि I राखाडी, म्हणजे शब्दात नाहीत; U, D, O पिवळे, म्हणजे अक्षरं आहेत पण जागा वेगळ्या. दुसरा शब्द COULD. इंग्रजी शिकवलेल्या माणसाला O, U, D दिसल्यावर COULD, WOULD हेच आधी सुचणार. निकाल: O, U, D तिन्ही हिरवे, C आणि L राखाडी. तिसरा शब्द SOUND. S राखाडी, बाकी चारही हिरवे. आता पहिली जागा सोडून सगळं माहीत आहे आणि तीन अंदाज शिल्लक आहेत. बाई खुशीत असणार. बाहेरून बघणाऱ्यालाही वाटेल, जिंकल्यातच जमा.

इथे थांबून मोजा. उरलेले शब्द: BOUND, FOUND, HOUND, MOUND, POUND, ROUND, WOUND. सात. अंदाज तीन. यातले एकामागून एक टाकत गेलं तर जिंकण्याची शक्यता सातात तीन, हरण्याची सातात चार. म्हणजे चार हिरव्या चौकोनांकडे बघत हसणाऱ्या बाई त्या क्षणी हरण्याच्या बाजूला उभ्या आहेत, आणि त्यांना ते कळलेलं नाही.

आणि तरीही या चौथ्या ओळीत हमखास जिंकण्याची एक वाट उघडी आहे. चौथा शब्द OUND मधला टाकायचाच नाही. BRIEF टाकायचा. त्यात B, R, F ही तीन अक्षरं एकदम तपासली जातात. त्यातलं एखादं रंगलं तर उत्तर हातात आलं. तिन्ही राखाडी राहिली तर H, M, P, W उरतात. मग पाचवा शब्द CHAMP. त्यात H, M, P आहेत. एखादं पिवळं झालं तर तो शब्द, काहीच झालं नाही तर WOUND. सहाव्या ओळीपर्यंत उत्तर बसतंच, नशिबाचा संबंध येत नाही. आपल्या डावात BRIEF पूर्ण राखाडी गेला असता, CHAMP मधला M पिवळा झाला असता आणि सहाव्याला MOUND लागून 413वा दिवस पार पडला असता.

बाई तसं करत नाहीत. चौथ्याला ROUND, पाचव्याला FOUND, सहाव्याला POUND. सहाव्या ओळीपर्यंत पोचतात तेव्हा पाच शब्द शिल्लक असतात आणि संधी पाचात एक. तिथे जे होतं त्याला निव्वळ नशीब म्हणता येईल. पण तिथवर त्यांना आणलं ते चौथ्या ओळीतल्या एका निवडीने. तुमच्या मसुद्यात सगळा ताण सहाव्या अंदाजावर आहे, चौथा अंदाज अर्ध्या वाक्यात उरकलाय. नेमकं उलट करा. कथा चौथ्या ओळीत घडू द्या.

मग प्रश्न येतो: बाईंनी BRIEF का टाकला नाही? हा या कथेचा गाभा आहे आणि याचं उत्तर बाईंच्या स्वभावात असायला हवं. ‘सुचलं नाही’ हे उत्तर चालणार नाही, कारण 412 दिवस खेळलेल्या माणसाला ही युक्ती कुठून तरी कळलेलीच असते. मी असं करेन: युक्ती त्यांना माहीत आहे, न्यू जर्सीतल्या मुलीने दोनदा समजावून सांगितली आहे, आणि ती त्यांना पटत नाही. BRIEF हे उत्तर नाही हे शंभर टक्के माहीत असताना ते लिहायचं? आयुष्यभर त्यांनी मुलांना एकच शिस्त लावली: येत नसेल तर जागा कोरी सोडा, पण चूक आहे हे माहीत असताना लिहू नका. ती शिस्त त्यांच्या बोटांत बसली आहे. सोमवारपासून शनिवारपर्यंत फळ्यासमोर उभं राहून जे घडलं, तेच त्यांना हरवतं. आता पराभव बाईंचा झाला. तो लेखकाने वरून टाकलेला राहत नाही.

यासाठी दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, बाईंचा विषय. तुमच्या मसुद्यात तो कुठेच नाही. गणिताच्या शिक्षिकेला ‘सातात तीन’ दिसल्याशिवाय राहणार नाही, ती वेगळी कथा होईल. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाई घ्या. परक्या भाषेतला शब्द बरोबरच लिहिला पाहिजे हा धाक त्यांनी स्वतःही बाळगला असणार. दुसरी, खेळातला हार्ड मोड बंद असू द्या. तो चालू असेल तर मिळालेले रंग पुढच्या शब्दात वापरावेच लागतात, म्हणजे हिरवं अक्षर जागेवर आणि पिवळं कुठेतरी. BRIEF मध्ये O, U, N, D नसल्यामुळे खेळ तो शब्द घेणारच नाही. मग बाईंना निवडच उरत नाही आणि कथाही उरत नाही. हे वाचकाला समजावत बसायची गरज नाही. बाईंनी BRIEF टाइप केला, पाची अक्षरं ओळीत उमटली आणि त्यांनी एकेक करून खोडली, एवढं दाखवलंत की तो शब्द पाठवता आला असता हे दिसतं.

मी साधारण असं लिहीन:

> बाईंनी B दाबलं. मग R, I, E, F. पाच काळी अक्षरं चौथ्या ओळीत येऊन उभी राहिली. मुलीचा आवाज कानात होता, “आई, तो शब्द उत्तर नाहीये, माहितीये मला. पण तो टाकलास की तीन अक्षरं एकदम कळतात.” बाईंनी चष्मा वर सरकवला. हे उत्तर नव्हतं. हे उत्तर नाही हे त्यांना माहीत होतं. दहावीच्या सराव परीक्षेत एक मुलगा प्रत्येक रिकाम्या जागेत काहीतरी खरडून ठेवायचा, “लागलं तर लागलं, बाई.” त्याला त्यांनी वर्गासमोर पेपर परत दिला होता. अंगठा खोडायच्या बटणावर गेला. F गेलं, E गेलं, पुढची तीनही गेली. स्वयंपाकघरात दूध वर येत होतं. त्यांनी ROUND लिहिलं, एंटर दाबलं आणि गॅस बंद करायला उठल्या.

इथे ‘निर्णय’, ‘चूक’, ‘नियती’ असला एकही शब्द नाही हे बघा. खेळ न कळणाऱ्या वाचकालाही एवढं समजतं की एक वाट होती आणि बाईंनी ती आपल्या हाताने खोडली. पाचव्या ओळीला दोन वाक्यं पुरेत. तिथे त्यांना पहिल्यांदा जाणवेल की शब्द पुष्कळ आहेत. तव्यावर पोळी ठेवण्याआधी पाठकोऱ्या कागदावर त्या B, H, M, P, W अशी अक्षरं एकाखाली एक लिहून ठेवतील, आणि आता मुलीने सांगितलेलं करायलाही उशीर झालेला असेल, कारण शिल्लक एकच अंदाज.

आता सहावी ओळ. तुम्ही ‘शेवटचं अक्षर उलटेपर्यंत’ लिहिलं आहे. पडद्यावर चौकोन डावीकडून उजवीकडे एकेक करून उलटतात, हे खरं. पण आपल्या कुटुंबात अडलेलं अक्षर पहिलं आहे. म्हणजे पहिलाच चौकोन राखाडी उलटतो आणि त्या क्षणी सगळं संपतं. त्यानंतर O, U, N, D एकामागून एक हिरवे होत जातात, आणि बाईंना ते चारही बघावे लागतात. हरल्यावर दिसणारे हे चार हिरवे चौकोन तुमच्या रोखलेल्या श्वासापेक्षा कितीतरी जास्त काम करतात. तिथे एकही विशेषण घालू नका, फक्त क्रम पाळा. मग वरच्या बाजूला MOUND ही अक्षरं येतात. तुम्हाला शेवटपर्यंत ताण हवाच असेल तर SHA_E घेता येईल: SHADE, SHAKE, SHAME, SHAPE, SHARE, SHAVE. तिथे निकाल चौथ्या चौकोनाला कळतो. पण मला पहिल्याच चौकोनाला संपणारा डाव जास्त खरा वाटतो.

कुटुंब OUND ठेवलंत तर एक मोह टाळा. उत्तर WOUND करू नका. ALONE मध्ये जे झालं तेच पुन्हा होईल. MOUND म्हणजे मातीचा ढिगारा, त्याचा बाईंच्या आयुष्याशी काही संबंध नाही, म्हणूनच तो बरोबर आहे. हा खेळ रोज एकच शब्द देतो आणि जगभर सगळ्यांना तोच देतो. बाईंना ओळखून तो शब्द निवडला गेलेला नाही, हे वाचकाला जाणवलं पाहिजे.

हरल्यानंतर आकडेवारीचा पडदा येतो. तुमच्या मसुद्यात तिथे ‘सगळं पुसलं गेलं’ असं आहे. तसं होत नाही. चालू स्ट्रीक, म्हणजे सलग विजयांचा आकडा, 0 होते, पण तिच्या शेजारी सर्वांत मोठी स्ट्रीक 412 तशीच राहते. किती अंदाजांत किती वेळा जिंकलो याच्या पट्ट्याही जागच्या जागी असतात, कारण हरलेल्या डावाला तिथे पट्टीच नसते. 413 पैकी 412 म्हणजे टक्केवारीत पाव टक्क्याचाही फरक पडत नाही. त्या पडद्यावर बदललेला ठळक आकडा एकच, आणि तो शून्य आहे. पुसलं गेल्यापेक्षा हे जास्त बोचतं. बाईंची नजर त्या दोन आकड्यांवर एकदा फिरवा आणि पुढे जा.

412 बद्दलही थोडं. ही स्ट्रीक हरल्याने तुटते तशी एक दिवस न खेळल्यानेही तुटते. एक वर्ष आणि वर दीड महिन्याच्या आसपासचा काळ म्हणजे त्यात एक गणपती, एक दिवाळी, एखादं आजारपण, एखादा प्रवास आलाच. वाचकाच्या मनात ‘एकही दिवस चुकला नाही?’ हा प्रश्न येणार. त्याला कुठेतरी एक वाक्य द्या: गावी रेंज नव्हती म्हणून गौरीजेवणाच्या दिवशी रात्री साडेअकराला पुतण्याच्या बाइकवर मागे बसून बाई वरच्या रस्त्यापर्यंत गेल्या. असं एक वाक्य त्या आकड्याला वजन देतं. मसुद्यात तुम्ही 412 हा आकडा पाच वेळा लिहिला आहे. दोनदा पुरे.

आता हरल्यानंतरचा भाग, जिथे बाई मासुंदा तलावाला फेरी मारतात आणि ‘उद्या पुन्हा नवा शब्द’ असं स्वतःशी म्हणतात. तो परिच्छेद बदला. तलावाची फेरी राहू द्या, तो उद्गार काढा. त्याजागी तुमच्याकडे एक फार चांगली गोष्ट आहे, ती तुम्ही वापरलेली नाही. मुलगी न्यू जर्सीत आहे. वर्डलचा नवा शब्द ज्याच्या त्याच्या घड्याळातल्या मध्यरात्री उघडतो. ठाण्यात सकाळचे साडेसहा म्हणजे तिकडे, उन्हाळ्याचं घड्याळ असेल तर, आदल्या रात्रीचे नऊ. मुलीला तोच MOUND अजून तीन तासांनी मिळणार आहे. म्हणजे बाई हरल्या आहेत आणि ज्या एका माणसाला सांगावंसं वाटतं, तिला शब्द सांगता येत नाही.

पण रंगांचे चौकोन पाठवता येतात. निकालाचा तो छोटा मजकूर अक्षरं दाखवत नाही, फक्त रंग दाखवतो, आणि अंदाजांच्या आकड्याच्या जागी X/6 असतं. दोघी रोज एकमेकींना तो पाठवतात असं धरा. आजचा बाईंचा मजकूर कसा दिसेल? पहिल्या ओळीत तीन पिवळे, दुसरीत तीन हिरवे, आणि मग सलग चार ओळी अगदी सारख्या: पहिला चौकोन राखाडी, पुढचे चार हिरवे. खेळणाऱ्या माणसाला हे बघताक्षणी कळतं की काय झालं, कोणत्या ओळीला झालं आणि कोणती युक्ती वापरली नाही. मुलीला दोन गोष्टी एकदम कळतील: आई हरली, आणि आजच्या शब्दात पहिल्या अक्षराचा सापळा आहे. म्हणजे मजकूर पाठवला तर मुलगी सावध होऊन सापळ्यातून सुटेल, पण आईने तिचं ऐकलं नाही हेही उघडं पडेल. नाही पाठवला तर बाईंची लाज राहील आणि मुलगी त्याच सापळ्याकडे काही माहीत नसताना जाईल.

आयुष्यभर बाईंनी परीक्षेआधी पेपर कुणालाही दाखवला नाही. चौकोन पाठवणं हे पेपर फोडणं आहे की नाही, हा प्रश्न त्यांना खराखुरा पडू शकतो, आणि तो फक्त शिक्षिकेलाच इतक्या जोरात पडेल. फेरी मारताना त्यांच्या हातात फोन असू द्या. रोज भेटणारी मैत्रीण विचारेल, “काय बाई, आज कितीत?” त्यावर त्या काय बोलतात ते लिहा. रोजचा मजकूर अजून आला नाही म्हणून मुलीचा मेसेज येईल, “आई, बरी आहेस ना?” त्यावरही काहीतरी लिहावं लागेल. त्या पाठवतात की नाही हे मी ठरवणार नाही, ते तुमच्या बाईंना विचारा. फक्त वेळ पाळा. ठाण्यात साडेनऊ वाजले की तिकडे मध्यरात्र होते आणि शब्द उघडतो. ठरवायचं ते त्याआधी. कथा हिवाळ्यात ठेवलीत तर फरक साडेनऊऐवजी साडेदहा तासांचा होतो, तेव्हा ऋतू आधी ठरवा आणि बाकीचे तपशील, गॅलरीतलं ऊन, स्वेटर, तलावावरची गर्दी, त्याप्रमाणे लावा.

पुन्हा लिहिण्याआधी हा डाव कागदावर हाताने खेळून बघा. सहा ओळी आखा, तीन रंगाच्या पेन्सिली घ्या, AUDIO पासून POUND पर्यंत भरत जा. चौथ्या ओळीपाशी आलात की BRIEF लिहून खोडा. तुमची बाई तिथे किती वेळ थांबते हे तेव्हा कळेल, आणि त्या परिच्छेदाची लांबी त्यावरून ठरवा.